क्वाड्रॅटचा आकार, कडा आणि 'मर्यादा': प्रात्यक्षिक अहवालातल्या एका भागाची पार्श्वभूमी

इकॉलॉजीच्या प्रात्यक्षिक अहवालात 'नमुना निवड' या मथळ्याखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: '१ मी. × १ मी. चे १० क्वाड्रॅट यादृच्छिकपणे टाकले.' मर्यादांमध्ये 'वेळ कमी होता, पाऊस होता' एवढंच. क्वाड्रॅट म्हणजे रोपं मोजण्यासाठी जमिनीवर ठेवायची ठरावीक मापाची चौकट. तिचा आकार का सांगायचा, कडेवरच्या रोपाचं काय केलं हे का लिहायचं, यावर शंभर वर्षं वाद झालेले आहेत. ते माहीत असले की हा भाग वेगळ्या तऱ्हेने लिहिला जातो.

सुरुवात अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात झाली. रॉस्को पाउंड (हेच पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले) आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स तिथल्या वनस्पतींची पाहणी करत होते. कुठली वनस्पती विपुल आणि कुठली तुरळक, हे तोवर नजरेने ठरायचं. त्यांनी जमिनीवर चौकोन आखून रोपं मोजली, तेव्हा नजरेचा अंदाज भरवशाचा नाही असं दिसलं. ठळक फुलांची वनस्पती डोळ्यात भरते आणि बारीक पानांची निसटते. ही पद्धत त्यांनी १८९८ मध्ये मांडली.

डेन्मार्कचे वनस्पतीशास्त्रज्ञ रॉनकिएर यांनी मोजणी आणखी सोपी केली. रोपं मोजायची नाहीत, जाती चौकटीत आहे की नाही एवढंच नोंदवायचं. किती टक्के चौकटींत ती सापडली, ती तिची वारंवारता. तिच्यावरून दर वीस टक्क्यांना एक असे पाडलेले अ ते इ हे पाच वर्ग आपल्याकडचे विद्यार्थी आजही भरतात. अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की हा आकडा वनस्पतीइतकाच चौकटीच्या आकारावरही अवलंबून असतो.

हिशोब करून पाहू. एखादी जाती विखरून वाढते आणि सरासरी दर चौरस मीटरला तिचं एक रोप आहे. १ चौ. मी. ची चौकट वापरली तर ती सुमारे ६३ टक्के चौकटींत सापडेल. अर्ध्या मीटर बाजूची चौकट घेतली तर २२ टक्के, आणि २ मीटर बाजूची घेतली तर ९८ टक्के. म्हणजे त्याच माळावरची तीच जाती चौकटीप्रमाणे दुसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या वर्गात जाते. झुबक्याने वाढणाऱ्या जातीचे आकडे याहून कमी येतील. म्हणून आकार न देता लिहिलेली वारंवारता दुसऱ्या कुठल्याही अहवालाशी ताडून पाहता येत नाही.

कडेचा प्रश्न मात्र शेतातून आला आणि त्यात आपला माणूस आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ पीक उत्पादनाच्या नमुना पाहणीवर काम करत होते. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकडे कापून उत्पन्न मोजण्याच्या बाजूने होते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की लहान तुकड्यांवरून उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त निघतं. कारण साधं आहे. कडेवरचं झाड आत धरावं की बाहेर, असा पेच पडला की हात ते आत धरतो. १ चौ. मी. च्या चौकटीला ४ मीटर कड असते. पाव चौ. मी. च्या चौकटीला २ मीटर, म्हणजे प्रति चौ. मी. ८ मीटर. चूक तेवढीच वाढते, आणि ती नेहमी एकाच दिशेने होत असल्यामुळे चौकटींची संख्या वाढवूनही जात नाही. म्हणून नियम आधी ठरवून अहवालात लिहावा: बुंधा आत असेल तरच रोप मोजलं, रेषेवरची रोपं दोन लगतच्या बाजूंवर धरली, उरलेल्या दोन बाजूंवर सोडली.

'यादृच्छिक' या शब्दाबद्दल थोडंच. पाठ फिरवून चौकट भिरकावणं म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. ती काटेरी झुडपात किंवा उतारावर सहसा पडत नाही. दोन टेप आखून यादृच्छिक अंकांच्या जोड्यांवरून जागा ठरवल्या असतील तरच तो शब्द वापरावा.

सगळ्यात मोठी मर्यादा इकॉलॉजीचे अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये नेमकी पकडली. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रायोगिक अभ्यासांपैकी २७ टक्क्यांत एकाच जागेतले अनेक नमुने स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणून मोजले होते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात हे सर्रास घडतं. कुंपणातला एक तुकडा, बाहेरचा चराईचा एक तुकडा, प्रत्येकी १० क्वाड्रॅट. आणि निष्कर्ष असतो की चराईमुळे जाती कमी होतात. खरं तर इथे चराईचा तुकडा एकच आहे. त्याची माती उथळ असेल, पाणी लवकर उतरत असेल, तर तो फरकही त्याच आकड्यांत मिसळलेला असतो.

अशा अहवालात मर्यादा अशी लिहावी: 'प्रत्येक प्रकाराचा एकच तुकडा पाहिला. १० क्वाड्रॅट हे त्या तुकड्याच्या आतले उपनमुने आहेत. त्यामुळे या दोन तुकड्यांत जातींच्या संख्येत फरक आढळला एवढंच म्हणता येतं. तो चराईमुळे आहे असं या आखणीवरून ठरवता येत नाही. पाहणी एकाच भेटीत झाल्याने त्या वेळी जमिनीवर नसलेल्या कंदवर्गीय जाती यादीत आलेल्या नाहीत.'