शेवटच्या दहा किलोंचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर चकल्या करून दुकानांना पुरवणारा एक छोटा उद्योग डोळ्यासमोर आणा. जागेचं भाडं आणि कायम कामावर असलेल्या दोन बायकांचा पगार मिळून रोजचे 2,400 रुपये, चकल्या करा किंवा करू नका, जाणारच. बाकीचा खर्च भाजणी, तेल, गॅस आणि जादा हातांचा. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण त्यांची चाल खऱ्या धंद्यातलीच आहे.

पहिल्या 10 किलोंना हा बाकीचा खर्च 3,000 रुपये येतो. पुढच्या 10 किलोंना 2,800 आणि त्यापुढच्यांना 2,700, कारण कढई तापलेलीच असते आणि हातही बसलेला असतो. इथून पुढे मात्र गाडी उलटी फिरते. चौथ्या दहाला 2,900, पाचव्याला 3,400 आणि सहाव्याला 3,800. कढई एकच, सोऱ्याही तेवढेच, म्हणून संध्याकाळनंतर जादा मजुरी देऊन बायका थांबवाव्या लागतात. तेल काळं पडलं की बदलावं लागतं आणि घाईत चकल्यांचा चुराही जास्त पडतो. आणखी थोडा माल काढायला जो जास्तीचा खर्च येतो, तो सीमांत खर्च.

आता गल्ल्याकडे या. रोज 10 किलोच माल असेल तर दुकानदार किलोला 500 रुपये देतात. पण जास्त माल खपवायचा तर दर उतरवावा लागतो: दर 10 किलोंमागे 20 रुपयांनी. 40 किलो 440 च्या दराने जातात, 50 किलो 420 ने, 60 किलो 400 ने. खरी मेख इथे आहे. दर उतरतो तो फक्त नव्या मालाचा नाही, सगळ्याच मालाचा. एका दुकानाला 420 आणि शेजारच्याला 400 लावले, तर दुसऱ्या दिवशी पहिला दुकानदार दारात उभा.

म्हणून साठाव्या किलोपर्यंत जायचं ठरवलं तर काय होतं ते पाहा. नवे 10 किलो 400 ने विकले, 4,000 रुपये आले. पण आधीचे 50 किलो किलोमागे 20 रुपये स्वस्त गेले, तिथे 1,000 गेले. हाती पडले 3,000. ही झाली सीमांत प्राप्ती, आणि या 10 किलोंना खर्च आला होता 3,800. म्हणजे 800 रुपयांचा खड्डा.

गंमत अशी, की वहीत हा खड्डा दिसत नाही. 60 किलोंचा भाड्या-पगारासह एकूण खर्च 21,000, म्हणजे किलोला सरासरी 350. विक्री 400 ने. किलोमागे 50 रुपये सुटतायत, मग थांबायचं कशाला? एकूण नफा मोजला की उत्तर मिळतं. 60 किलोंवर 3,000 रुपये, तर 50 किलोंवर 3,800. सरासरी सगळ्या मालाची गोष्ट सांगते. पुढचे 10 किलो काढावेत की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही.

चाळीसावरून पन्नासावर जाताना प्राप्ती 3,400 ने वाढते आणि खर्चही 3,400 नेच. दोन्ही इथे भेटतात. 40 किलोंवरही नफा 3,800 आणि 50 वरही 3,800. त्याआधी थांबलो तर हाताशी असलेला नफा सोडला, त्यापुढे गेलो तर कमावलेल्यातून भर घातली.

भाड्याचं काय? मालकाने रोजचे 600 रुपये वाढवले तर नफा प्रत्येक पातळीवर 600 ने घटेल, पण थांबण्याची जागा तीच राहील. भाडं वाढलंय म्हणून जास्त माल काढून भरून काढू, हा विचार सर्रास ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. भाडं ठरवतं ते एवढंच, की धंदा चालू ठेवायचा की शटर खाली ओढायचं.

फ्रेंच गणितज्ञ कूर्नो यांनी 1838 मध्येच हा विचार टोकाला नेऊन दाखवला होता. खनिज पाण्याचा झरा एकाच मालकाचा, पाणी काढायला खर्च शून्य. तरीही तो सगळं पाणी विकणार नाही. जिथे दर उतरवून मिळणारी जादा प्राप्ती शून्यावर येते, तिथे तो थांबेल. बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती याच्या उलट. त्याच्या चार पोत्यांनी भाव हलत नाही, म्हणून त्याच्यासाठी सीमांत प्राप्ती म्हणजे चालू भावच.

चकलीवाल्यांनाही अशी एक वाट असते. ते सहावे 10 किलो बिनलेबलाच्या पिशवीत, गावाबाहेरच्या एखाद्या मेसला 400 ने दिले आणि दुकानांचा दर 420 वरच राहिला, तर प्राप्ती पूर्ण 4,000 ची होते. खर्च 3,800 च आहे. मग ते 10 किलो काढावेत, जोवर मेसमधला माल फिरून दुकानात येत नाही तोवर.