1-0-0 अरबीत गेलं की 0-0-1 का दिसतं?

मी अरबी भाषांतरं करते. गेल्या महिन्यात कोंढव्यात राहणाऱ्या एका येमेनी विद्यार्थ्याने वडिलांच्या डिस्चार्ज कार्डाचा फोनवर काढलेला फोटो पाठवला. त्यात फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅमची गोळी होती आणि पुढे 1-0-0, म्हणजे फक्त सकाळी एक. ही गोळी शरीरातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढते, म्हणून ती सहसा सकाळी देतात, रात्री घेतली तर माणूस रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या मारत बसतो. मी 1-0-0 च टाईप केलं होतं, पण प्रिंट काढली तर कागदावर 0-0-1!

आधी वाटलं माझीच चूक, पण फाईलमध्ये शोधलं तर 1-0-0 बरोबर सापडतंय. गंमत अशी की अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात पण आकडे अरबीतही डावीकडून उजवीकडेच लिहितात, आणि मधल्या आडव्या रेघेला स्वतःची दिशाच नसते. मग कॉम्प्युटर युनिकोडच्या नियमाने आधी काय आलंय ते बघतो. आधी अरबी अक्षर असेल तर तो ती रेघ आकड्याचा भाग धरत नाही, 1, 0, 0 असे तीन सुटे आकडे समजतो आणि उजवीकडून एकेक मांडत जातो, म्हणून आपल्याला उलटं दिसतं. पण त्याच कागदावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम इंग्रजीत ठेवून लगेच 1-0-0 लिहिलं तर ते सरळ राहतं. म्हणजे एका पानावर दोन ओळी, दोन दिशा. आणि तारखेत तिरकी रेघ असेल तर ती उलटत नाही, कारण तिरकी रेघ दोन आकड्यांच्या मध्ये आली की आकड्यालाच चिकटते. त्यामुळे तारीख बरोबर दिसली म्हणून डोसही बरोबर असेल असं धरू नका.

बरं, वाचणारा कुठल्या बाजूने वाचेल याचाही भरवसा नाही. पेशंट उजवीकडून वाचेल, केमिस्ट डावीकडून. म्हणून मी आता रेघा ठेवतच नाही, सरळ शब्दांत लिहिते: सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री नाही. औषधाचं मूळ नाव अरबीत देते आणि इंग्रजीतही ठेवते, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडे मिळेलच असं नाही. 'कॅमेरा धरा, भाषांतर तयार' म्हणणाऱ्या जाहिरातींवर हॉस्पिटलच्या कागदापुरता तरी विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच फोटोत, घडी पडलेल्या जागी, न्यूमोनियाच्या आधी एक पुसट प्रश्नचिन्ह होतं. फोटो मोठा केल्यावरच दिसलं. डॉक्टर ते लिहितात तेव्हा आजाराचा संशय असतो, निदान पक्कं झालेलं नसतं. ते गळलं असतं तर तिकडच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया झालाच होता असं धरलं असतं. मी विद्यार्थ्याला मूळ कागद बघायला सांगितलं, प्रश्नचिन्ह खरंच होतं, मग त्या जागी 'इश्तिबाह', म्हणजे संशय, हा अरबी शब्द टाकला आणि नवीन प्रिंट डोळ्यांनी तपासूनच पाठवली.