गेस्ट वायफाय म्हणजे व्हीलॅन नव्हे

वायफायला दुसरं नाव आणि दुसरा पासवर्ड दिला की गिऱ्हाइकांचं नेटवर्क वेगळं झालं, असं बरेच दुकानदार धरून चालतात. पण दोन दारं एकाच खोलीत उघडत असतील तर दारांवरच्या पाट्या वेगळ्या असून उपयोग काय?

गेस्ट वायफायमध्ये गिऱ्हाइकांना दुकानाच्या यंत्रांपर्यंत जाण्यापासून अडवण्याचं काम राउटर स्वतः करतो. इंटरनेटवाल्याच्या डब्यामागे तोच राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला लावला, की अनेक मॉडेलांत ही अडवणूक बंद पडते. नाव ‘गेस्ट’च दिसतं, पण गिऱ्हाइकाच्या फोनला 192.168.1.23 मिळतो आणि कार्ड मशीनला 192.168.1.40. पहिले तीन आकडे सारखे दिसले की शंका घ्यायची. (मशीन स्वतःच्या सिमकार्डावर चालत असेल तर ते दुकानाच्या नेटवर्कवर नसतंच.)

व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आणि वायरींवर क्रमांक देऊन केलेली वेगवेगळी नेटवर्कं; त्यात वेगळेपणा वायरपर्यंत जातो. समजा, मशीनला 20 आणि गिऱ्हाइकांना 30 क्रमांक दिला. पत्ते अनुक्रमे 192.168.20.x आणि 192.168.30.x. त्यासाठी मॅनेज्ड स्विच, म्हणजे पोर्टांची सेटिंग बदलता येणारा स्विच लागतो. राउटर आणि ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टांवर 30 टॅग्ड ठेवायचा, म्हणजे डेटा त्या क्रमांकाची खूण घेऊन जातो. राउटरच्या पोर्टवर 20 सुद्धा टॅग्ड. मशीनची वायर ज्या पोर्टात आहे तो 20 मध्ये अनटॅग्ड, म्हणजे खुणेविना.

घोळ होतो तो इथेच. स्वस्त स्विचमध्ये पोर्टचं सदस्यत्व एका पानावर असतं आणि PVID, म्हणजे खूण नसलेला येणारा डेटा कोणत्या व्हीलॅनचा धरायचा तो क्रमांक, दुसऱ्या. PVID 1 च राहिला तर मशीनकडून येणारा डेटा व्हीलॅन 1 मध्ये जातो. मग मशीनला एकतर पत्ताच मिळत नाही, नाहीतर जुना 192.168.1.x मिळतो. दुसऱ्या परिस्थितीत व्यवहार सुरळीत होत राहतात, म्हणून ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही. PVID 20 करायचा आणि तो पोर्ट व्हीलॅन 1 मधून काढायचा.

एवढ्यानेही काम संपत नाही. पत्ते वेगळे झाले तरी बरेच राउटर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात बिनदिक्कत जाऊ देतात. अडवायला फायरवॉलचा नियम लागतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर तो असा:

```
/ip firewall filter
add chain=forward src-address=192.168.30.0/24 dst-address=192.168.0.0/16 action=drop
```

हा नियम राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या डेटाला लागतो, खुद्द राउटरकडे येणाऱ्याला नाही. राउटरचं लॉगिन पान गिऱ्हाइकांपासून लपवायला `input` या नियमांच्या साखळीत वेगळा नियम हवा. तो घालताना सरसकट सगळं बंद केलं तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा DNS ही बंद होतो आणि फोनवर ‘कनेक्टेड, पण इंटरनेट नाही’ असं येतं. पोर्ट 53 आणि पत्ता वाटणारा 67 आधी मोकळे ठेवायचे, मग बाकीचं अडवायचं.

तपासायला फोन गिऱ्हाइकांच्या वायफायवर घ्यायचा आणि ब्राउझरमध्ये आधी बिलिंगच्या प्रिंटरचा, मग राउटरचा पत्ता टाकायचा. दोन्हीपैकी एक जरी पान उघडलं तरी नियमांकडे परत जायचं.