नगरधनच्या राणीचा ताम्रपट आणि जुन्या दस्तांची पारख : पार्श्वभूमी

नागपूर परिसरातील एखाद्या घरात जुना ताम्रपट किंवा मोडीतील सनद निघाली की घरच्यांचे लक्ष आधी तिच्यातील जमिनीकडे जाते. ते साहजिकच आहे, कारण दस्त त्याच कामासाठी लिहिला गेला होता. इतिहासाचा अभ्यासक मात्र त्याच दस्तात बहुधा लिहिणाऱ्याने जाता जाता नोंदवलेला मजकूर शोधत असतो. दस्ताचा कायदेशीर हेतू आणि त्याचे ऐतिहासिक मोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे विदर्भाच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे दिसून आले ते वाकाटक राजांच्या ताम्रपटांवरून.

१८८८ साली फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांचा आपला संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा दुसऱ्या प्रवरसेनाचे चम्मक आणि सिवनी येथील ताम्रपट अभ्यासकांसमोर होते. चम्मकचा ताम्रपट अचलपूरजवळचा. त्यात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी इतके क्षेत्र दिल्याची नोंद आहे. दानाची तिथी, सीमा, अटी असे सगळे तपशील असूनही या राजाचा काळ काही केल्या ठरत नव्हता, कारण वाकाटक राजे कोणत्याही संवताचा वापर करत नसत. ते फक्त ‘राज्याचे अठरावे वर्ष’ अशा पद्धतीने लिहीत. काळ ठरवण्यासाठी एकच धागा होता : प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी होती. फ्लीट यांनी हा देवगुप्त म्हणजे मगधातील उत्तरकालीन गुप्त घराण्यातील राजा मानला आणि वाकाटक थेट सातव्या-आठव्या शतकात जाऊन बसले. ब्यूलर यांनी अक्षरांच्या वळणावरून पाचवे शतक सुचवले होते. म्हणजे एकाच लेखसमूहाच्या आधारे दोन विद्वानांच्या मतांत दोनशे वर्षांहून अधिक अंतर पडले होते. केवळ लिपीवरून काळ ठरवण्याची मर्यादाही येथे दिसते. अक्षरांवरून साधारण शतक सांगता येते. पण विरोधात नावाचा पुरावा उभा असला की लिपीचा कौल मागे पडतो, मग तो बरोबर का असेना.

हा पेच सुटला तो १९१२ साली उजेडात आलेल्या ताम्रपटामुळे. तो पुण्यात अभ्यासकांच्या हाती आला म्हणून त्याला ‘पुणे ताम्रपट’ असे नाव पडले आणि ते आजतागायत चालू आहे; पण त्याचा पुण्याशी काहीही संबंध नाही. तो नंदिवर्धन येथून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनातून दिला गेला. तांब्याचे पत्रे उचलून नेता येतात, मोडीत विकले जातात, मुलीच्या सासरीही जातात. म्हणून ते कोठे सापडले याला दगडी लेखाच्या तुलनेत फार कमी वजन द्यावे लागते आणि मजकुरातील गावांच्या नावांवरून मूळ जागा शोधावी लागते. या ताम्रपटात दान दिलेल्या दंगुण या गावाच्या चारही बाजूंच्या गावांची नावे दिली आहेत. अशा नावांपैकी एकच नाव आजच्या गावाशी जुळून पुरत नाही, कारण सारख्या नावाची गावे विदर्भात कितीतरी सापडतात. शेजारची दोन-तीन गावे योग्य दिशांना सापडली तरच ओळख टिकते.

खरे महत्त्व मात्र दानाच्या आधीच्या ओळींना आहे. हे दानपत्र देणारी प्रभावतीगुप्ता त्या वेळी अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या वतीने कारभार पाहत होती आणि तिने वंशावळ दिली ती सासरची नव्हे, माहेरची. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त आणि दुसरा चंद्रगुप्त असा क्रम सांगून ती स्वतःला दुसऱ्या चंद्रगुप्ताची, नागकुळातील कुबेरनागा राणीच्या पोटी जन्मलेली मुलगी म्हणवते. गोत्रही ती वडिलांचे, म्हणजे धारण हेच सांगते. पती दुसऱ्या रुद्रसेनाच्या घराण्याचे विष्णुवृद्ध गोत्र ती लावत नाही. देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव होते, हे यावरून उलगडले. त्या सम्राटाचे गुप्त संवत ६१ ते ९३ या काळातील लेख उपलब्ध आहेत, म्हणजे इ. स. ३८० ते ४१३ च्या सुमाराचे. त्यामुळे त्याची मुलगी व तिचे मुलगे पाचव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या आसपास आले आणि ब्यूलर यांचा अंदाज खरा ठरला. गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० हा फ्लीट यांनीच पक्का केला होता, आणि त्याच मोजपट्टीने त्यांचे स्वतःचे मत मोडीत निघाले.

हाच ताम्रपट पुरावा म्हणून सरसकट स्वीकारता येतो का, असे विचारले तर उत्तर नाही असे आहे. गुप्तांच्या स्वतःच्या लेखांत वंशाची सुरुवात श्रीगुप्तापासून होते. येथे घटोत्कच हा आदिराज झाला आहे. पहिल्या चंद्रगुप्ताला गुप्तांचे लेख महाराजाधिराज म्हणतात. येथे तो नुसता महाराज आहे. नंदिवर्धनच्या लेखकाला पाटलीपुत्राच्या दरबारी बिरुदांची नेमकी माहिती नव्हती, असाच याचा अर्थ लावावा लागतो. म्हणजे नातेसंबंधांसाठी हा पुरावा पहिल्या प्रतीचा आहे, कारण राणी स्वतःच्या वडिलांचे नाव चुकणार नाही. पण चार पिढ्या मागच्या पदव्यांसाठी तो दुय्यम आहे. एकाच पत्र्यावरील दोन ओळींना वेगवेगळे वजन द्यावे लागते.

मुद्रेकडेही असेच स्वतंत्रपणे पाहावे लागते. या ताम्रपटाच्या मुद्रेवर ‘वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः । जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम्’ असा श्लोक आहे. प्रवरसेनाच्या मुद्रांवर हाच श्लोक असतो, फक्त ‘जनन्या युवराजस्य’च्या जागी ‘राज्ञः प्रवरसेनस्य’ येते. राजाच्या नावाची जागा येथे युवराजाच्या आईने घेतली आहे. तिच्या कारभाराचा याहून नेमका दाखला सापडणे कठीण. अलीकडे नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. जमिनीतून, थरातून निघालेली ही वस्तू हातोहाती फिरलेल्या ताम्रपटाला आधार देते. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुद्रा ज्या कडीत ओवलेली असते ती कडी सापडली तेव्हा अखंड होती की कापलेली, हे पहिल्याच पाहणीत लिहून ठेवावे लागते. कडी एकदा उघडली की मुद्रा मूळची की दुसऱ्या ताम्रपटाची, हे सांगणे अवघड होते. पत्रे चिंचेने घासून लखलखीत करण्याची हौसही घातकच, कारण हिरव्या थरासोबत उथळ कोरलेल्या मात्रा व अनुस्वारही झिजतात.

दस्त अपुरा असला तर काय, याचे उत्तर बालाघाटच्या ताम्रपटात आहे. दुसऱ्या पृथ्वीषेणाचे हे दानपत्र कधी पूर्णच झाले नाही. वंशावळ कोरली गेली आणि दान कोणाला, कोणते गाव, कोणत्या वर्षी हा भाग राहूनच गेला. दस्त म्हणून त्याची किंमत शून्य. तरीही पृथ्वीषेणाचा पिता नरेंद्रसेन याची राणी कुंतलच्या राजाची मुलगी होती आणि कोसल, मेकल व मालव येथील अधिपती नरेंद्रसेनाची आज्ञा मानत, ही माहिती त्यातूनच मिळते. अर्थात ‘आज्ञा मानत’ हे वारसाने लिहिलेले कौतुक आहे, हे ध्यानात ठेवूनच ती घ्यायची.

बनावट दस्ताचा प्रश्न याहून नाजूक. बैतूल जिल्ह्यातील तिवरखेड आणि मुलताई येथील राष्ट्रकूट ताम्रपटांत दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज अशी एकच वंशावळ येते आणि दोन्ही एकाच राजाचे म्हणून ओळखले जातात; पण तिवरखेडवर शक ५५३ आहे आणि मुलताईवर ६३१. एका राजाच्या दोन दानांत ७८ वर्षे पडू शकत नाहीत. तिवरखेडची अक्षरे आपल्या शकाच्या मानाने अर्वाचीन वाटतात, म्हणून तो ताम्रपट नंतर बनवलेला मानला गेला. असा दस्त फेकून द्यायचा नसतो. बनवणाऱ्यासमोर एखादा खरा नमुना असल्याशिवाय वंशावळ जुळली नसती, आणि जमिनीवर हक्क सांगण्यासाठी या घराण्याचे नाव पुढे कधीतरी उपयोगी वाटले, हीसुद्धा एक माहितीच आहे. फक्त तिची तारीख पत्र्यावरील नसून अक्षरांची असते.

या सर्व लेखांची पुनर्वाचने एकत्र आणण्याचे काम नागपुरातच झाले. रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील लेखांची वर्णनात्मक यादी काढली आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाकाटक लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

भोसल्यांच्या काळातील मोडी कागदांना हीच पारख लागू पडते, साधने मात्र बदलतात. समजा एखाद्या सनदेवर ‘सलास सबैन मया व अलफ, छ ५ रजब’ अशी मिती आहे. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार; छ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्यातील दिवस. एकूण सुहूर सन ११७३. हा सन मृगाच्या सुमारास सुरू होतो, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या मितीत ५९९ आणि पुढच्या महिन्यांत ६०० मिळवावे लागतात. रजब महिना त्या वर्षी सप्टेंबरअखेरीस लागला, तेव्हा ही मिती ऑक्टोबर १७७२ च्या सुरुवातीची. जानोजी भोसले त्याच वर्षी मे महिन्यात वारले. सनदेवर त्यांचाच शिक्का दिसला तर कागद ‘अस्सल बरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळावरून उतरवलेली प्रत, आहे का, मिती उतरवताना चूक झाली का, की मागाहून तयार केला, हे तपासावे लागते. शिक्का त्यांचे भाऊ साबाजी किंवा मुधोजी यांचा असेल तर मात्र गावच्या एवढ्याशा इनामाचा तो कागद एकदम वजनदार होतो, कारण जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी पडेपर्यंत या दोघा भावांत गादीचा वाद चालू होता, आणि त्या दरम्यान कोणत्या परगण्यात कोणाचा हुकूम चालत होता हे बखरींपेक्षा अशा सनदांवरूनच अधिक नेमके कळते.