संज्ञानिश्चिती, इतिहासाच्या उत्तरातील

इतिहासाच्या वर्णनात्मक प्रश्नातील वादग्रस्त शब्द आपण कोणत्या अर्थाने घेतले आहेत, हे उत्तराच्या पहिल्या एकदोन वाक्यांत ठरवून देण्याची पद्धती. ‘कितपत योग्य’, ‘सहमत आहात काय’ अशा प्रश्नांत तिची गरज भासते. ‘कारणे सांगा’ प्रकारच्या प्रश्नात ती बहुधा जागा अडवते.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. न्यायसूत्रांवरील भाष्यात (साधारणतः इ. स. चौथे-पाचवे शतक) वात्स्यायनाने उद्देश, लक्षण आणि परीक्षा असा शास्त्राचा क्रम सांगितला आहे : आधी पदार्थाचे नाव घ्यायचे, मग त्याचे लक्षण सांगायचे आणि शेवटी ते लागू पडते का ते तपासायचे. या क्रमाशी साम्य उघड आहे. तथापि उत्तरपत्रिकेतील रूढी ब्रिटिश विद्यापीठांच्या निबंधलेखनातून, १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठांच्या परीक्षांमार्फत इकडे आली असावी, हे अधिक संभवनीय वाटते. उगम कोणताही असो, व्याख्या कुठे फसते हे सांगायला नैयायिकांचे दोन दोष आजही पुरतात. लक्षणात जे यायला हवे ते न येणे ही अव्याप्ती. नको ते येणे ही अतिव्याप्ती.

‘१८५७ च्या उठावाला पहिले राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणणे कितपत योग्य आहे?’ हा नमुना प्रश्न घेऊ. हा वाद उठावाइतकाच जुना आहे : ही लष्करी बंडाळी की राष्ट्रीय उठाव, असा सवाल डिझरायलीने २७ जुलै १८५७ रोजीच ब्रिटिश संसदेत केला होता. सावरकरांनी १९०९ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाचा पक्ष मांडला. १९५७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांनी ‘पहिले’, ‘राष्ट्रीय’ व ‘स्वातंत्र्ययुद्ध’ ही तिन्ही पदे नाकारली, तर त्याच वर्षी सुरेंद्रनाथ सेन यांनी धर्मरक्षणासाठी सुरू झालेल्या लढ्याला पुढे स्वातंत्र्ययुद्धाचे रूप आले, असे मत मांडले. मजुमदारांचा निष्कर्ष मान्य नसला, तरी एकेक पद सुटे करून तपासण्याची त्यांची रीत उत्तर लिहिणाऱ्याने उचलावी अशी आहे.

दुबळा आरंभ बहुधा असा असतो : ‘१८५७ चा उठाव ही भारतीय इतिहासातील अत्यंत महत्त्वाची घटना असून तिच्या स्वरूपाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.’ यात चूक काहीच नाही, पण ठरलेही काही नाही. दुसरा नमुना : ‘ज्यात सर्व भारतीय सहभागी होतात तो राष्ट्रीय लढा होय.’ ही अव्याप्ती झाली. या कसोटीला १९४२ चे आंदोलनही उतरणार नाही, म्हणजे उत्तर पहिल्याच ओळीत नकारार्थी ठरले आणि पुढचा पुरावा शोभेपुरता उरला. तिसरा नमुना उलट्या दिशेने घसरतो : ‘परकीय सत्तेविरुद्धचा कोणताही सशस्त्र लढा हा राष्ट्रीय होय.’ या अतिव्याप्त व्याख्येत उमाजी नाईकांचे बंड (त्यांना १८३२ मध्ये फाशी झाली) आणि १८५५-५६ चा संथाळ उठावही बसतात. मग १८५७ ‘पहिले’ कसे? एका पदाची व्याख्या सैल केली की शेजारचे पद कोसळते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

चांगला आरंभ असा करता येईल : ‘येथे “राष्ट्रीय” म्हणजे प्रदेश, जात व धर्म यांच्या पलीकडे जाणारे समान राजकीय उद्दिष्ट आणि “स्वातंत्र्ययुद्ध” म्हणजे कंपनीची सत्ता उलथून पर्यायी सत्ता उभारण्याचा सशस्त्र प्रयत्न, असे मानल्यास “स्वातंत्र्ययुद्ध” हे पद बऱ्याच अंशी लागू पडते, “राष्ट्रीय” मर्यादित अर्थानेच.’ यातली प्रत्येक कसोटी पुराव्याने तपासता येते. मेरठचे शिपाई ११ मे रोजी दिल्लीत शिरले आणि त्यांनी बहादूरशहाला नेतृत्व घ्यायला लावले, हे पर्यायी सत्तेच्या बाजूने जाते. अवधमध्ये शिपायांबरोबर तालुकदार व शेतकरीही उठले. उलट पंजाबातील संस्थानिकांनी इंग्रजांना मदत केली आणि मद्रासची फौज बव्हंशी शांत राहिली. मुंबई फौजेतील कोल्हापूरची पलटण ३१ जुलैला उठली, तो प्रसंग अपवादात मोडतो. ‘पहिले’ या पदाला मात्र वरील वाक्यात हात लावलेला नाही. त्याचा निकाल आधीच्या उठावांशी तुलना करून पुढच्या परिच्छेदात लावावा लागतो. २५० शब्दांच्या उत्तरात आरंभाला ४०-५० शब्दांहून अधिक देता येत नाहीत, हे त्याचे कारण.

व्याख्या शब्दकोशातून उचलल्यास काळाचा घोटाळा होतो. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणलेल्या १७१९ च्या मोगल सनदांतील ‘स्वराज्य’ हा शिवाजी महाराजांच्या मृत्युसमयीच्या मुलखाला अनुसरून ठरवलेला, महसुली हक्क असलेला निश्चित प्रदेश आहे. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींनी मागितलेले ‘स्वराज्य’ म्हणजे वसाहतींच्या धर्तीवरील स्वशासन. ‘स्वराज्य म्हणजे लोकांचे स्वतःचे राज्य’ असा आरंभ बाळाजी विश्वनाथांवरील उत्तरात केला, तर त्यांनी दिल्लीहून नेमके काय आणले हे पुढे सांगताच येत नाही.