मण्यार, कवड्या आणि आठ सेकंदांचा ऑडिओ

सापांची ओळख सांगणारी छोटी रील करताना मण्यार आणि कवड्या हे दोन साप एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या जुळ्यांच्या मीममध्ये टाकायचा मोह कुणालाही होईल. दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघेही रात्री घरात शिरणारे. पण मण्यार अतिविषारी आहे आणि कवड्या बिनविषारी. ते मीम हसवेल, आणि सांगेल मात्र ‘दोघे सारखेच’. ज्या फरकासाठी ते करायला घेतलं, तोच पुसला जाईल.

मीमच्या साच्याला स्वतःचं एक वाक्य असतं आणि चित्रं बदलली तरी ते बदलत नाही. वर नकार, खाली होकार या साच्यात वर मण्यार आणि खाली कवड्या ठेवला, तर बघणारा त्यातून ‘कवड्याला हात लावायला हरकत नाही’ हेच घेणार. म्हणून मी साच्यात काही भरण्याआधी त्याचं वाक्य कागदावर लिहितो: ‘हे नको, ते कर.’ मग वर येतं ‘जवळ जाऊन पट्टे बघणं’ आणि खाली ‘लांबून नजर ठेवून सर्पमित्राला फोन’.

पट्ट्यांचा फरक दाखवायचाच असेल, तर मधेच ठेका चढणारा ऑडिओ कामाला येतो. मण्यारचे पट्टे डोक्याकडे पुसट किंवा नाहीसे असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं याच्या उलट. ठेका चढेपर्यंत दोघांची डोक्याकडची बाजू दाखवायची आणि चढता क्षणीच शेपटीकडे जायचं. कान ज्या वळणाची वाट पाहत असतात, तिथेच डोळ्यांना उत्तर मिळतं.

गाण्यात शब्द असतील तर मात्र जपून. 1976 साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना अक्षरांच्या याद्या लक्षात ठेवायला दिल्या आणि त्या वेळी त्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतलं बोलणं ऐकवलं. तेवढ्यानेही आठवण बिघडली. आपल्या प्रेक्षकाला तर गाण्याचे शब्द कळतही असतात. त्यामुळे पडद्यावरची ओळ मी शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवतो. जागा नसेल तर नुसत्या वाद्यांचा तुकडा घेतो. आठ सेकंदांत दोन छोट्या ओळी पुरे. तिसरी घातली की पहिलीही वाचून होत नाही.

शेवटी साप न ओळखणाऱ्या एखाद्याला रील एकदाच दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं, ‘घरात असा साप दिसला तर काय करशील?’ माझ्या एका शेजाऱ्यांनी पट्ट्यांची खूण अगदी बरोबर सांगितली आणि पुढे म्हणाले, ‘कवड्या निघाला तर काठीने उचलून बाहेर टाकीन.’ खूण पोहोचली होती, संदेश नाही. पट्टे कधी कधी इतके फिके असतात की अनुभवी माणूसही थबकतो. मी रील पुन्हा कापली. पट्ट्यांची तुलना मागे गेली आणि पहिल्या दोन सेकंदांत ही ओळ आली: ‘मण्यारचा चावा अनेकदा दुखतही नाही.’