पटासोबत फासा का नाही? आणि लुडोत सहाच का लागतात?

नवीन पट घरी नेला की दोन दिवसांत फोन येतोच, "अहो, डब्यात फासा टाकायला विसरलात!" विसरलो नाही हो. पच्चीसी कवड्यांवरच खेळायची असते, म्हणून डब्यात सहा कवड्या आहेत. या कवड्या आपल्याकडे पूर्वापार मालदीवहून जहाजांनी यायच्या, बाजारात सुटे पैसे म्हणून चालायच्या, आणि त्याच घरात दान टाकायला वापरायच्या.

दान मोजायचं असं: दोन ते सहा कवड्यांची तोंडं वर आली तर तेवढेच मोजायचे, एकच वर आली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, खेळाचं नाव यावरूनच पडलंय. सहा, दहा किंवा पंचवीस पडले की पुन्हा दान टाकायला मिळतं, आणि बऱ्याच घरी सोंगटी बाहेर काढायलाही यातलंच दान लागतं.

आता लुडो आठवा. इंग्रज हा खेळ बघून घरी घेऊन गेले आणि 1896 साली लंडनमध्ये त्याचं लुडो म्हणून पेटंट निघालं. कवड्यांच्या जागी एकच चौकोनी फासा आला, म्हणजे दहा आणि पंचवीस बादच झाले, उरले फक्त सहा, आणि सोंगटी काढायचं, पुन्हा खेळायचं सगळं काम त्या सहावरच आलं! हिशोब बघा, कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडते असं धरलं तर अशी लकी दानं 64 मध्ये 8 वेळा, म्हणजे आठात एकदा पडतात, फाशावर सहा मात्र सहात एकदा. खऱ्या कवड्या इतक्या सरळ नसतात म्हणा, एखादी सारखी पालथीच पडते, तशी निघाली तर आणून द्या, बदलून देऊ.

रस्ताही छोटा झाला. आपल्या पटाच्या प्रत्येक हाताला तीन ओळी, ओळीत आठ घरं. बाहेरून फिरताना एका हाताला 8 जाताना, 1 टोकाचं, 8 येताना, अशी चार हातांची 68 घरं होतात. लुडोत ओळीत सहाच घरं, म्हणून फेरी 52 ची. अमेरिकेत मात्र 'पारचीसी' नावाने (ट्रेडमार्क 1874 चा) ही 68 घरं तशीच राहिली आणि आपल्या फुल्यांची 12 सुरक्षित घरंसुद्धा. जर्मनीत म्युनिकच्या श्मिट नावाच्या माणसाने 1907-08 च्या हिवाळ्यात मुलांसाठी बनवलेल्या खेळात फेरी 40 घरांची आणि फुल्या नाहीतच, त्यामुळे मार भरपूर बसतो. त्या खेळाच्या नावाचा अर्थच 'माणसा, चिडू नकोस' असा आहे 😄

आणि हो, लुडोच्या सवयीने सोंगट्या कोपऱ्यात मांडू नका, त्या मधल्या चौकातून निघतात, आपल्या हाताच्या मधल्या ओळीने खाली, मग उलट्या घड्याळाने पूर्ण फेरी, आणि त्याच ओळीने परत वर.